चित्र गळालं, गणित उरलं

प्रश्नपत्रिका पीडीएफमधून उचलून मोबाइलवर पुढे पाठवली की बरेचदा अक्षरं तेवढी पोचतात, चित्रं मागे राहतात. इतिहासाच्या पेपरात त्याने फारसं बिघडत नाही. संख्याशास्त्राच्या पेपरात मात्र हाती असा ऐवज लागतो: ‘एका यंत्राने भरलेल्या पिशव्यांतील दुधाचे आकारमान प्रसामान्य वितरणानुसार आहे. सरासरी, प्रमाण विचलन व तक्त्यातील आवश्यक किमती खाली दिल्या आहेत. 500 मिलीपेक्षा कमी दूध असलेल्या पिशव्यांचे प्रमाण काढा.’ आणि खाली कोरी जागा. त्यानंतर चार पर्याय: (अ) 0.3849, (ब) 0.1151, (क) 0.8849, (ड) 0.6151.

हा प्रश्न मी या लेखासाठी रचला आहे, पण बारावीनंतर वाणिज्य, व्यवस्थापन किंवा सनदी लेखापालाच्या पहिल्या परीक्षेची तयारी केलेल्या कुणालाही त्याचा तोंडवळा ओळखीचा वाटेल. असा प्रश्न समोर आला की विद्यार्थी एक तर तो सोडून देतात, नाही तर उत्तरसूचीत ‘ब’ दिसलं म्हणून ‘ब’ लिहून मोकळे होतात. दोन्हींची गरज नाही. गळालेल्या चित्रात दोन अगदी वेगळ्या जातीच्या गोष्टी होत्या. त्यातली एक आपण घरबसल्या पुन्हा तयार करू शकतो. दुसरी तशी परत मिळत नाही, पण उरलेल्या मजकुरात तिच्या खुणा सापडू शकतात, आणि त्या पुरेशा आहेत की नाहीत हेही नक्की सांगता येतं.

आधी पहिली गोष्ट, म्हणजे तक्ता.

प्रसामान्य वितरण म्हणजे तो घंटेच्या आकाराचा वक्र. मधोमध सरासरी, दोन्ही बाजूंना सारखा उतार, आणि वक्राखालचं एकूण क्षेत्रफळ 1. ‘किती टक्के पिशव्या 500 मिलीपेक्षा कमी?’ याचं उत्तर म्हणजे 500 च्या डावीकडचं क्षेत्रफळ. अडचण अशी की सरासरी आणि पसरटपणा दर प्रश्नात बदलतो. दुधाचा वक्र वेगळा, विद्यार्थ्यांच्या गुणांचा वेगळा, बल्बच्या आयुष्याचा वेगळा. प्रत्येकासाठी निराळा तक्ता कोण छापणार? म्हणून प्रत्येक मोजमाप एका सामाईक पट्टीवर आणायचं. मोजमापातून सरासरी वजा करायची आणि उरलेल्या अंतराला प्रमाण विचलनाने भागायचं:

z = (x − μ) / σ

इथे x हे आपलं मोजमाप, μ म्हणजे सरासरी आणि σ म्हणजे प्रमाण विचलन. आलेला आकडा हा झेड स्कोअर. तो एवढंच सांगतो की हे मोजमाप सरासरीपासून किती प्रमाण विचलनं दूर आहे. वजाचं चिन्ह असेल तर डावीकडे, नसेल तर उजवीकडे. मिलीलिटर, ग्रॅम, तास सगळे इथे गळून पडतात. त्यामुळे तक्ता एकच लागतो, जगभर तोच, आणि तो कुठल्याही प्रश्नकर्त्याच्या मालकीचा नसतो. चित्रातला तक्ता हरवला म्हणून प्रश्न अडत नाही, तो याच कारणाने.

या तक्त्याचं मूळ दुकानातल्या वजनमापांत नाही, आकाशात आहे. स्ट्रासबुर्गचा क्रिस्तियान क्राम्प वातावरणातून येताना ताऱ्याचा प्रकाश किती वाकतो याचं गणित करत होता. त्यात याच वक्राचं क्षेत्रफळ पुन्हा पुन्हा लागायचं आणि ते कुठल्याही साध्या सूत्राने नेमकं निघत नाही. म्हणून 1799 मध्ये त्याने ते आकडे एकदाचे काढून छापले. आपण वर्गात वापरतो तसा, प्रमाण विचलनाच्या एककात मांडलेला तक्ता डब्ल्यू. एफ. शेपर्ड या इंग्रज गणितज्ञाने 1903 मध्ये ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात दिला. त्यांनी हाताने केलेलं काम आज फोनवर क्षणात होतं. स्प्रेडशीटच्या कुठल्याही चौकटीत एवढं लिहा:

```
=NORM.S.DIST(1.2,TRUE)
```

उत्तर येतं 0.8849 (पुढचे अंक सोडून). हे 1.2 च्या डावीकडचं सगळं क्षेत्रफळ आहे, हे ध्यानात ठेवा. याचं महत्त्व थोड्याच वेळात कळेल.

परीक्षेच्या सरावाला स्प्रेडशीट जवळ नसेल तरीही हरकत नाही. मध्यापासून मोजलेली तीन क्षेत्रफळं पाठ असली की बरंच भागतं: झेड 1 पर्यंत 0.3413, झेड 2 पर्यंत 0.4772, झेड 3 पर्यंत 0.4987. अधलामधला आकडा हवा असेल तर पाठ असलेल्या आकड्यापासून एक अरुंद पट्टी पुढे सरकायचं. उदाहरणार्थ 1.2 हवं आहे. 1 पर्यंतचं आपल्याला माहीत आहे. राहिली 1 ते 1.2 ही पट्टी, तिची रुंदी 0.2. पट्टीच्या मधोमध, म्हणजे 1.1 ला, वक्राची उंची काढायची. उंचीचं सूत्र असं:

उंची = 0.3989 × e^(−z²/2)

1.1 चा वर्ग 1.21, त्याचा निम्मा 0.605. साध्या वैज्ञानिक कॅल्क्युलेटरवर e^(−0.605) म्हणजे 0.5461. त्याला 0.3989 ने गुणलं की उंची 0.2178. उंची गुणिले रुंदी, 0.2178 × 0.2, म्हणजे 0.0436. हे 0.3413 मध्ये मिळवलं की 0.3849. छापील तक्त्यात 1.2 समोर नेमकं हेच आहे, चौथ्या अंकापर्यंत.

ही युक्ती पट्टी अरुंद असेपर्यंतच चालते. 0 ते 1 अशी रुंद पट्टी एकदम घेतली तर मधली उंची 0.3521 येते आणि क्षेत्रफळही 0.3521, खऱ्या 0.3413 पेक्षा बरंच जास्त. कारण एवढ्या अंतरात वक्र सरळ रेषेसारखा वागत नाही, त्याला बाक असतो. 0.2 ची पट्टी घेतलीत तर पेपरातल्या चार अंकी पर्यायांसाठी ती पुरते.

तर तक्ता परत मिळाला. पण तो कुठल्या घाटाचा होता? इथे बरेच जण घसरतात आणि चित्र नसताना तर हमखास घसरतात.

बाजारात मुख्यतः तीन घाटांचे तक्ते आहेत. आपल्याकडच्या बऱ्याच पाठ्यपुस्तकांत मध्यापासून, म्हणजे 0 पासून, झेडपर्यंतचं क्षेत्रफळ असतं. याला सोयीसाठी अर्धा तक्ता म्हणू. बऱ्याच परदेशी पुस्तकांत आणि स्प्रेडशीटमध्ये अगदी डावीकडच्या टोकापासून झेडपर्यंतचं असतं. हा पूर्ण तक्ता. आणि काही तक्ते झेडच्या पलीकडची उजवी शेपूट तेवढी देतात. एकाच झेडसाठी, समजा 1.2 साठी, हे तिघं अनुक्रमे 0.3849, 0.8849 आणि 0.1151 सांगतात. तिन्ही बरोबर आहेत. ती तीन वेगवेगळ्या भागांची क्षेत्रफळं आहेत. छापील तक्त्याच्या डोक्यावर छोटा वक्र काढून त्यातला एक भाग काळा केलेला असतो, तो याचसाठी. विद्यार्थी त्या चित्राला शोभेची गोष्ट समजून पुढे जातात. खरं तर तक्त्यातली सर्वांत महत्त्वाची माहिती तीच आहे.

काळा भाग दिसत नसेल आणि तक्त्यातले काही आकडे मात्र हाती असतील, तर घाट ओळखण्याची सोपी रीत अशी. शून्यासमोर काय आहे ते पाहा. 0.0000 असेल तर अर्धा तक्ता. 0.5000 असेल तर झेड वाढतो तसे आकडे वाढतात की घटतात ते पाहा. वाढत असतील तर पूर्ण, घटत असतील तर उजव्या शेपटीचा. अर्ध्या तक्त्यात 0.5 च्या वरचा आकडा कधीच येणार नाही. पूर्ण तक्त्याच्या धन बाजूला 0.5 च्या खालचा कधीच येणार नाही.

फक्त एकच आकडा उरला असेल तर मात्र सांभाळून. झेड 0.67 च्या आसपास वक्राचा उजवा अर्धा भाग जवळपास बरोबर मधून दुभंगतो: आतला पाव, बाहेरचा पाव. त्यामुळे अर्ध्या तक्त्यात 0.67 ला 0.2486 आहे, आणि शेपटीच्या तक्त्यात 0.68 ला 0.2483. तुमच्याकडे ‘0.248 च्या आसपास’ एवढीच आठवण असेल तर तक्ता कुठला होता हे एकट्या आकड्यावरून ठरणार नाही.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. चित्रातली दुसरी गोष्ट म्हणजे दिलेल्या किमती: सरासरी आणि प्रमाण विचलन. या जगात इतर कुठेही लिहिलेल्या नाहीत. प्रश्नकर्त्याने त्या मनाने ठरवल्या होत्या. तक्ता पुन्हा तयार करता येतो तशा या करता येत नाहीत. पण चार पर्याय उरले आहेत, आणि बहुपर्यायी प्रश्नाचे पर्याय फार बोलके असतात. कारण चुकीचे पर्याय हवेतून येत नाहीत. विद्यार्थी ज्या चुका करतात, त्या चुका करून प्रश्नकर्ता ते काढतो.

पर्याय पुन्हा पाहा: 0.3849, 0.1151, 0.8849, 0.6151. पहिल्या दोघांची बेरीज बरोबर 0.5. पहिल्यात 0.5 मिळवलं की तिसरा. आणि 1 मधून पहिला वजा केला की चौथा. म्हणजे चारही पर्याय एकाच आकड्यातून निघाले आहेत, आणि तो आहे 0.3849.

आता 0.3849 हा कुठल्या तक्त्यातून आला? अर्ध्या तक्त्यात तो 1.20 समोर जसाच्या तसा आहे. पूर्ण तक्त्याच्या ऋण बाजूला शोधला तर −0.29 ला 0.3859 आणि −0.30 ला 0.3821, आपला आकडा दोघांच्या मध्ये, म्हणजे दोन दशांश स्थळांच्या तक्त्यात तो नाहीच. चौथा पर्याय 0.6151 चीही हीच गत: 0.29 ला 0.6141, 0.30 ला 0.6179, मध्ये कुठे नाही. म्हणजे 0.6151 हे तक्त्यातून वाचलेलं क्षेत्रफळ नव्हे. अर्धा तक्ता हाती असताना तो पूर्ण आहे असं समजून कुणी 1 मधून वजाबाकी केली, तर जे चुकीचं उत्तर येईल ते हे. असा सापळा लावायचं प्रश्नकर्त्याला सुचलं, यावरूनच कळतं की चित्रात अर्धा तक्ता होता.

एवढं ठरलं: 500 चा झेड स्कोअर 1.2 आहे किंवा −1.2 आहे. अर्धा तक्ता चिन्ह सांगत नाही, कारण वक्र दोन्ही बाजूंना सारखा. 500 सरासरीच्या डावीकडे असेल तर ‘500 पेक्षा कमी’ म्हणजे डावी शेपूट, 0.5 − 0.3849 = 0.1151, उत्तर ‘ब’. उजवीकडे असेल तर 0.5 + 0.3849 = 0.8849, उत्तर ‘क’. ‘अ’ आणि ‘ड’ बाद. ‘अ’ बाद का, ते विद्यार्थ्यांना पुन्हा सांगावं लागतं: 0.3849 हे सरासरी आणि 500 यांच्या मधलं क्षेत्रफळ आहे, आणि प्रश्नात ‘दरम्यान’ नाही, ‘पेक्षा कमी’ आहे. चित्र असो वा नसो, कागदाच्या कडेला पेन्सिलीने घंटा काढून 500 ची रेघ मारली आणि मागितलेला भाग काळा केला की ही चूक होत नाही.

ब की क? इथे व्यवहारज्ञान पुढे येतं. अर्ध्या लिटरची पिशवी भरणारं यंत्र थोडं जास्तच भरायला लावतात, नाही तर ग्राहक तक्रार करतात. शंभरातल्या अठ्ठ्याऐंशी पिशव्या कमी भरणारी डेअरी कशी चालेल? म्हणून ‘ब’. पटण्यासारखं आहे. तरीही हा पुरावा नव्हे, अंदाज आहे. ‘यंत्रात बिघाड झाला असून’ असे शब्द चित्राबरोबर गळाले असतील तर उत्तर ‘क’ असू शकतं. प्रश्नकर्ते दुधाच्या धंद्यात नसतात, त्यांना आकडे सुटसुटीत आले की पुरतं.

समजा प्रश्नाचा दुसरा भागही उरला आहे: ‘एखाद्या पिशवीत 516 मिलीपेक्षा जास्त दूध असण्याची संभाव्यता 0.0228 आहे, हे दाखवा.’ ही खरी लॉटरी आहे. कारण इथे मोजमापही आहे आणि क्षेत्रफळही. 0.0228 ही उजवी शेपूट, 0.5 मधून वजा केली की 0.4772, आणि हा आकडा आपल्याला पाठ आहे: झेड 2. संभाव्यता निम्म्याहून कमी आणि शब्द ‘जास्त’, म्हणून चिन्ह धनच. म्हणजे 516 हे सरासरीच्या वर दोन प्रमाण विचलनं.

आता दोन समीकरणं झाली आणि अज्ञातंही दोनच. पहिली शक्यता, 500 हे सरासरीच्या खाली 1.2 प्रमाण विचलनं:

516 = μ + 2σ
500 = μ − 1.2σ

वजाबाकी केली की 16 = 3.2σ, म्हणून σ = 5 आणि μ = 506. सुरेख, गोल आकडे. हुरळून जाऊन इथेच पेन खाली ठेवायचा मोह होतो. पण दुसरी शक्यताही तपासू या, 500 हे सरासरीच्या वर 1.2 प्रमाण विचलनं:

516 = μ + 2σ
500 = μ + 1.2σ

इथे 16 = 0.8σ, म्हणून σ = 20 आणि μ = 476. हेही तितकेच गोल! 476 मध्ये 24 मिळवले की 500, 40 मिळवले की 516. दोन्ही जोड्या उरलेल्या मजकुराशी तंतोतंत जुळतात. आकडे सुटसुटीत आले म्हणजे बरोबर आले, ही समजूत इथे उघडी पडते. ज्याने पहिलीच शक्यता पाहिली त्याला दुसरी आहे हे कळणारही नाही, आणि त्याची ताळा-पडताळणीसुद्धा चोख निघेल.

निकाल लागायला तिसरी खूण हवी. समजा तिसरा भाग असा: ‘1000 पिशव्यांपैकी 496 मिलीपेक्षा कमी दूध असलेल्या पिशव्या अंदाजे किती?’ आणि उत्तरसूचीत 23. पहिल्या जोडीने पाहू: 496 वजा 506 म्हणजे −10, भागिले 5, झेड −2. डावी शेपूट 0.0228, गुणिले 1000, म्हणजे 22.8, अंदाजे 23. जुळलं. दुसऱ्या जोडीने: 496 वजा 476 म्हणजे 20, भागिले 20, झेड 1. डावीकडचं क्षेत्रफळ 0.5 + 0.3413 = 0.8413, म्हणजे 841 पिशव्या. साफ जुळत नाही. आता व्यवहारज्ञानाची साक्ष न काढताही सांगता येतं की चित्रात सरासरी 506 मिली आणि प्रमाण विचलन 5 मिली होतं, आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘ब’.

या सगळ्या खटाटोपामागचा हिशेब साधा आहे. हरवलेल्या किमती दोन. मोजमाप आणि त्याची संभाव्यता अशी एक पक्की जोडी मिळाली की एक समीकरण मिळतं. दोन पक्क्या जोड्या असतील आणि दोन्हींची बाजू, म्हणजे सरासरीच्या डावीकडे की उजवीकडे, ठाऊक असेल तर दोन्ही किमती निघतात. बाजू ठाऊक नसेल तर तिसरी जोडी लागते. एकच जोडी असेल तर असंख्य उत्तरं शक्य आहेत: 506 आणि 5, 512 आणि 10, 524 आणि 20, या सगळ्यांत 500 चा झेड −1.2 च येतो. गंमत अशी की पहिल्या प्रश्नाचं उत्तर या सगळ्यांत एकच, 0.1151. म्हणजे सरासरी आणि प्रमाण विचलन सापडलं नाही तरी मागितलेली संभाव्यता कधी कधी पक्की असते. नेमकं काय मागितलं आहे हे आधी पाहावं ते यासाठी.

कधी तक्त्याचीही गरज पडत नाही. ‘500 मिलीपेक्षा कमी आणि 512 मिलीपेक्षा जास्त अशा पिशव्यांचं प्रमाण सारखंच आहे’ असं वाक्य मजकुरात असेल, तर सरासरी बरोबर मधोमध, 506. वक्राचा सारखेपणा एवढं फुकट देतो. मात्र प्रमाण विचलनासाठी दुसरी खूण शोधावीच लागते.

आता एक सापळा, जो मी उतरवून घेतलेल्या प्रश्नांत वारंवार पाहतो. चित्र पाहिलेलं कुणी तरी आठवणीने सांगतं, ‘506 आणि 25 दिलं होतं.’ प्रसामान्य वितरण थोडक्यात N(506, 25) असं लिहायची रीत आहे, आणि त्यातला दुसरा आकडा बहुतेक पुस्तकांत प्रमाण विचलन नसून त्याचा वर्ग, म्हणजे विचरण असतं. 25 हेच प्रमाण विचलन धरलं तर 500 चा झेड येतो −6 भागिले 25, म्हणजे −0.24, आणि डावी शेपूट 0.5 − 0.0948 = 0.4052. हा आकडा चारही पर्यायांत नाही. पर्यायांत न बसणारं उत्तर आलं की गणित पुन्हा पुन्हा करण्याआधी वर्गमूळ घेऊन पाहावं: 25 चं वर्गमूळ 5, झेड −1.2, आणि 0.1151 पर्यायांत हजर. पर्याय नसलेल्या प्रश्नात मात्र ही चूक निमूट खपून जाते, कारण 0.4052 हाही दिसायला सभ्य आकडा आहे.

मागे जाऊन झेड शोधण्याला एक मर्यादाही आहे. मध्याजवळ वक्र उंच असतो, त्यामुळे झेड थोडा बदलला तरी क्षेत्रफळ लगेच बदलतं आणि चार अंकी संभाव्यतेवरून झेड चांगला नेमका सापडतो. 0.3849 वरून 1.20 निघाला तो असा. शेपटीकडे वक्र जमिनीला टेकत जातो. तिथे 0.0228 वरूनही झेड 2.00 असं म्हणता येतं. पण संभाव्यता 0.0001 अशी छापली असेल तर पूर्णांकनामुळे खरी किंमत 0.00005 ते 0.00015 यांत कुठेही असू शकते, आणि त्या दोन टोकांचे झेड साधारण 3.89 आणि 3.62. एवढ्या सैल आकड्यावर समीकरण उभं केलं तर सरासरी आणि प्रमाण विचलन दोन्ही वाकडी येतील. टोकाच्या आकड्यांवरून किमती काढू नयेत. मधल्या भागातली जोडी असेल तर ती वापरावी.

आणि खुणा पुरल्याच नाहीत तर? तर तसं लिहावं. ‘500 सरासरीपेक्षा कमी असल्यास 0.1151, जास्त असल्यास 0.8849’ हे पूर्ण उत्तर आहे. त्यात माहिती किती आहे आणि किती नाही हे दोन्ही दिसतं. एखादी सोयीची सरासरी मनाने धरून तिच्यावर पानभर गणित करणं हे उत्तर नव्हे, आणि शिकवणाऱ्यांनी त्याला ‘पद्धत बरोबर’ म्हणून गुण देऊ नयेत. त्या मुलाने दिलेला प्रश्न सोडवलेला नसतो, स्वतःचा नवा प्रश्न रचून तो सोडवलेला असतो.

प्रश्न काढणाऱ्या आणि पुढे पाठवणाऱ्या मंडळींना विनंती एवढीच, की सरासरी आणि प्रमाण विचलन चित्रात टाकू नका, प्रश्नाच्या वाक्यातच अक्षरांत लिहा. विचरण दिलं असेल तर ‘विचरण’ हा शब्द लिहा. आणि तक्त्याचे आकडे देताना ‘0 ते 1.2 मधील क्षेत्रफळ 0.3849’ अशी पूर्ण ओळ टाइप करा.